ठकूताईचा चौथा हिशेब

वाढदिवसाचे पत्र लिहिणे ही अगदी सोपी गोष्ट आहे, अशी माझी गेल्या वर्षापर्यंत समजूत होती. सांगलीच्या माझ्या बालमित्राची कन्या तेव्हा तीन वर्षांची झाली. घरात तिला सारे ठकूताई म्हणतात. येथेही आपण तेच नाव चालवू. मित्राची हळदीची अडत आहे, आणि मी पुण्यात राहत असल्याने जाणे जमणार नव्हते. म्हणून मी चांगला जाड कागद घेतला आणि एका बैठकीत पत्र लिहून टाकले. त्याची सुरुवात अशी होती : ‘चि. ठकूताई हिस अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या तृतीय वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी तुला उदंड आयुरारोग्य, विद्या, विनय आणि कीर्ती यांची प्राप्ती होवो, आणि तुझ्या कर्तृत्वसंपन्न पित्याच्या छायेत तुझे व्यक्तिमत्त्व उत्तरोत्तर बहरत जावो.’

या पत्राचे पुढे काय झाले, ते वहिनींनी मला आठवड्याने सांगितले. आलेल्या मंडळींसमोर मित्राने पत्र वाचावयास घेतले. दुसऱ्या वाक्याला ठकूताई टेबलाखाली गेली. ‘कर्तृत्वसंपन्न पित्याच्या’ येथे पोहोचल्यावर मित्राचा आवाज एकदम खाली आला. त्याने इकडेतिकडे पाहिले, ‘वगैरे, वगैरे’ म्हटले आणि कागदाची घडी केली. वहिनी मला हसत हसतच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, पत्र छान होतं. पण ते होतं कोणासाठी?’’

हा प्रश्न माझ्या मनात वर्षभर राहिला. पत्र मुलीच्या नावे होते, पण तिला वाचता येत नव्हते. म्हणजे ते तिच्या कानांसाठी आणि तिच्या बापाच्या तोंडासाठी लिहावयास हवे होते. मी मात्र ते डोळ्यांसाठी लिहिले होते. लहान मुलाच्या पत्राला दोन वाचक असतात, एक ऐकणारा आणि एक म्हणणारा, आणि दोघांच्या अडचणी निराळ्या असतात.

ऐकणाऱ्याची अडचण साधी आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘विनय’ दिसत नाही, चप्पल दिसते. ‘मोठेपणी’ हा शब्द त्याला कळतो, पण तो काळ त्याच्या दृष्टीने चंद्राइतका दूर असतो. म्हणून आशीर्वादाचे वाक्य कितीही मनापासून लिहिलेले असो, ते त्याच्या डोक्यावरून जाते आणि मूल टेबलाखाली जाते. याउलट घरातल्या ठाऊक असलेल्या वस्तूचे नाव आले, की ते मान वर करते. आणि ज्याचे उत्तर त्याला येते असा प्रश्न आला, की ते उत्तर दिल्यावाचून राहत नाही.

म्हणणाऱ्याची अडचण मला पूर्वी सुचलीच नव्हती. पहिली गोष्ट म्हणजे दम. वाक्य एका श्वासात संपले नाही, तर वाचणारा मध्येच तुटतो आणि अर्थही तुटतो. दुसरी गोष्ट म्हणजे आपली लिपी. च, ज आणि झ यांचे आपल्याकडे दोन दोन उच्चार आहेत, आणि कागदावर ते एकसारखेच दिसतात. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे शब्द लिहावयाचे एकच, पण म्हणावयाचे वेगळे. संदर्भ वाक्याच्या शेवटी येत असेल, तर पहिल्यांदाच वाचणारा हमखास चुकतो, मागे येतो, आणि ऐकणाऱ्याची तंद्री मोडते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : कोणत्याही माणसाला स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचता येत नाही. ‘तुझे बाबा थोर आहेत’ हे वाक्य बाबाच वाचणार आहेत, याचा मला विसर पडला होता. स्वतःची थट्टा मात्र कोणताही बाप आनंदाने वाचतो. म्हणून बाबांच्या वाट्याला त्यांची फजिती द्यावी. कौतुक करावयाचेच असेल तर ते आईच्या तोंडी घालावे, आणि आईचे बाबांच्या.

आई-बापांना आवडावे म्हणून काही लेखक आणखी एक युक्ती करतात. मुलाला न कळणारा एखादा मोठ्यांचा विनोद मध्येच पेरतात. ही युक्ती घातक आहे. मोठी माणसे हसतात आणि मूल विचारते, ‘का हसलात?’ मग समजावत बसावे लागते, नाहीतर मुलाला वाटते की आपल्यालाच हसले. विनोद असा हवा, की मूल आपल्या कारणासाठी हसेल, आई-बाप त्यांच्या कारणासाठी हसतील, पण हसतील सारे एकाच वाक्याला.

या बाबतीत मला एक जुना दाखला ठाऊक आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा इंग्रजी कथाकार अखेरच्या वर्षांत सामोआ बेटावर राहत होता. तेथे आलेल्या हेन्री आइड या अमेरिकन अधिकाऱ्याची मुलगी ॲनी हिचा जन्म नाताळच्या दिवशी झालेला. त्यामुळे तिला स्वतःचा असा वाढदिवसच मिळत नसे. स्टीव्हन्सनने १८९१ च्या जून महिन्यात तिच्या नावे रीतसर दानपत्र केले, आणि १३ नोव्हेंबर हा आपला स्वतःचा वाढदिवस तिला कायमचा देऊन टाकला. तिने अटी पाळल्या नाहीत, तर हा वाढदिवस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे जाईल, असेही त्यात कलम होते. ॲनी तेव्हा ठकूताईएवढी लहान नव्हती. पण मला त्यातली योजना आवडली. स्टीव्हन्सन वकिलीची सनद घेतलेला होता आणि मुलीचे वडीलही कायदा जाणणारे. म्हणून त्याने शुभेच्छा न लिहिता दस्त लिहिला. ज्या घरात जी भाषा रोज चालते, तिच्या घाटात पत्र बसवले की वाचणाऱ्याच्या तोंडाला ते आपोआप येते.

मित्राच्या घरी रोज चालणारी भाषा कोणती? हिशेबाची. आरंभीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक. आणि ही भाषा ठकूताईलाही परकी नव्हती. त्याचे कारण तिचे आजोबा.

अण्णा रोज दुपारी नातीला घेऊन पेढीवर येत. गादीच्या एका टोकाला ती बसे. घरी दिवे लागण्याआधी जेवण, म्हणून अण्णा वेळेवर उठत; पण उठण्यापूर्वी रोज तिला तोच हिशेब विचारत : ‘‘काय आले? काय गेले? काय राहिले?’’ ती सांगे, पोती आली, टेम्पो गेला. आणि ‘काय राहिले?’ या प्रश्नाला तिचे उत्तर ठरलेले असे : ‘‘मी!’’ मग अण्णा ‘‘चला, राहिलेले घरी नेऊ’’ म्हणत आणि तिचा हात धरत.

गेल्या वैशाखात अण्णा वारले. मार्गशीर्षात ठकूताईला चार वर्षे पूर्ण होणार होती. मी पत्राचा विचार करू लागलो आणि लक्षात आले, की अण्णांना वगळून पेढीच्या हिशेबाचे पत्र लिहिता येणार नाही. आणि त्यांना घातले, तर मित्राला ते वाचता येणार नाही. अण्णा गेल्यापासून त्याने घरात त्यांचे नाव काढलेले नव्हते.

मी वहिनींना फोन केला. तेव्हा त्यांनी सांगितले, की मुलीला ‘आजोबा गावाला गेले’ असे सांगून ठेवले आहे, आणि दाराशी रिक्षा थांबली की ती आजोबा आले का ते पाहावयास धावते. आपल्या भाषेत ‘गेले’ हा शब्द मरणाला जितका सहज लागतो, तितकाच बाजाराला जाण्यालाही लागतो. मोठ्यांना फरक स्वरावरून कळतो. चार वर्षांचे मूल शब्द जसाच्या तसा धरते. जो गेला तो येणार, हा त्याचा रोजचा अनुभव असतो. ‘झोपले’ म्हणून सांगितले, तर ते झोपेलाच भिऊ लागते. वहिनींना हे सारे उमगले होते, पण घरात विषय काढावा कोणी, हा प्रश्न होता.

एक गोष्ट आम्ही दोघांनीही पक्की केली. ही बातमी पत्राने द्यावयाची नाही. वाढदिवसाच्या पाटावर बसलेल्या मुलीला पहिल्यांदाच असे काही ऐकवणे, तेही दूरच्या काकाच्या शब्दांत, हे योग्य नव्हे. वहिनींनी आधी दहा-बारा दिवस तिला जवळ घेऊन सरळ सांगितले, की आजोबा वारले, त्यांचे शरीर थांबले, ते आता परत येणार नाहीत. तिने दोन दिवस पुन्हा पुन्हा तेच विचारले, वहिनींनी पुन्हा पुन्हा तेच सांगितले. त्यानंतरच मी पत्र पुरे केले. ते असे :

‘ठकूताई,

आज तुझा वाढदिवस. किती वर्षे झाली? बोटे दाखव. एक, दोन, तीन, चार. अंगठा राहू दे. अंगठा पुढच्या वर्षी.

वर्ष संपले की बाबा काय करतात? हिशेब करतात. आधी चष्मा शोधतात. इकडे शोधतात. तिकडे शोधतात. चष्मा कुठे असतो? डोक्यावर!

आज आपण तुझा हिशेब करू. बाबा, घसा साफ करा. खं, खं. हं, लिहा!

काय आले?

एक सायकल आली. लाल, तीन चाकांची. तिची घंटा वाजते किण किण किण. आई झोपली की जास्तच वाजते.

एक मांजर आले. ते आपले नाही. पण दूध आपलेच पिते. लप लप लप.

आणि एक ‘र’ आला. आधी तू म्हणायचीस ‘लिक्षा’. आता म्हणतेस ‘रिक्षा’. म्हण बघू! बाबांना अजून ‘लिक्षा’च आवडते.

काय गेले?

एक चप्पल गेली. डाव्या पायाची. उजवी बिचारी एकटीच बसली आहे.

एक फ्रॉक गेला. तू हळदीच्या पोत्यावर बसलीस. बसताना पांढरा, उठताना पिवळा! तेव्हा आई काय म्हणाली? आई, म्हणून दाखवा.

बाबांची तीन पेने गेली. कुठे गेली? ठकूताईला माहीत आहे. बाबांना माहीत नाही. बाबा, मोठ्याने वाचा : बाबांना माहीत नाही!

आता कागद आईकडे द्या.

आपले आजोबा या वर्षी वारले. ते आता पेढीवर येत नाहीत. ते परत येणार नाहीत. तुला त्यांची आठवण येते. बाबांना येते. आईला येते. काकाला पण येते.

पण आजोबांचे काय काय राहिले, सांगू?

त्यांची काठी राहिली, दारामागे. त्यांची पितळी डबी राहिली. तिच्यात खडीसाखर आहे का, ते तू बघ. आणि त्यांचा एक प्रश्न राहिला. रोज संध्याकाळी विचारायचे, तो प्रश्न. आज तो बाबा विचारतील.

बाबा, विचारा :

काय आले?

काय गेले?

आणि ठकूताई, काय राहिले?

तुझा काका.’

हे पत्र लिहावयास मला गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. पहिल्या मसुद्यात अण्णा ‘काय गेले?’ या भागातच होते, पेनांच्या पाठोपाठ. मी मोठ्याने वाचून पाहिले आणि थबकलो. पेने तर मुलीनेच लपवलेली होती. ती परत सापडणार होती. त्यांच्या रांगेत आजोबांना बसवले, तर तेही शोधले की सापडतील असेच तिला वाटले असते. म्हणून ‘गेले’ हा शब्द त्यांच्यासाठी काढून टाकला, ‘वारले’ घातला, आणि त्यांचा मजकूर वेगळा करून आईच्या हाती दिला. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर अण्णांना मी नावे टाकले होते. विचार केल्यावर ते शिल्लकेत धरावे असे दिसले.

कागद आईकडे देण्यामागे आणखी एक हेतू होता. बाबांना ती पाच-सहा वाक्ये वाचावी लागू नयेत, पण ते बाहेरही राहू नयेत. म्हणून शेवटचे तीन छोटे प्रश्न त्यांच्याकडे परत दिले. तेवढे शब्द बहुतेक माणसांना म्हणता येतात.

बाकीच्या दुरुस्त्या किरकोळ होत्या. ‘आई झोपली की’ येथे आधी ‘आईचा डोळा लागला की’ असे होते. डोळ्याला काय लागले, असे मुलीने विचारले असते, म्हणून बदलले. प्रत्येक भागात तीनच गोष्टी ठेवल्या. पाच होत्या तेव्हा ऐकणारा पहिली विसरत होता. घड्याळ लावून वाचले तर सुमारे तीन मिनिटे लागली. मुलगी मध्ये मध्ये बोलणार, म्हणजे दुप्पट वेळ धरावा. अक्षर मोठे काढले, ओळींत जागा सोडली, आणि पान उलटण्याच्या ठिकाणी वाक्य तुटणार नाही असे पाहिले. पत्र पाकिटात घालताना सोबत वहिनींसाठी एक चिठ्ठी ठेवली : ‘त्याला आधी एकदा एकट्याला वाचू द्या. जमणार नाही म्हणाला, तर आजोबांचा भाग गाळा. पत्र त्याविनाही पुरे होते.’ दुसऱ्याच्या घरातल्या दुःखाविषयी लिहावयाचे, तर एवढी मोकळीक ठेवावीच लागते.

वाढदिवसाच्या रात्री मित्राचाच फोन आला. तो म्हणाला, ‘‘अरे, ती पेनं कुठे आहेत ते आज कळलं. पत्र अर्ध्यावर असतानाच पळत जाऊन घेऊन आली. बुटाच्या खोक्यात होती. तीन नाही, पाच निघाली.’’

मी विचारले, ‘‘आणि पुढचं?’’

तो जरा थांबला. ‘‘तिनं वाचलं तिचं सगळं. मग कागद माझ्याकडे आला. पहिले दोन प्रश्न मी विचारले. तिसरा काही तोंडातून निघेना. मी नुसता कागदाकडे बघत राहिलो. तर हीच म्हणाली, ‘बाबा, विचारा ना, काय राहिले.’ आणि मी विचारायच्या आधीच ओरडली, ‘मी!’ ’’

मग त्याने सांगितले, की नंतर तिने डबी उघडवून घेतली. खडीसाखरेचे तीन खडे निघाले. तिने ते तिघांत वाटले. आणि मंडळी गेल्यावर तो तिला अण्णांविषयी बराच वेळ सांगत बसला, ते लहानपणी त्याला कसे तराजूच्या पारड्यात बसवून तोलत असत, वगैरे. यावेळचे ‘वगैरे’ गेल्या वर्षीच्या ‘वगैरे’सारखे नव्हते.

फोन ठेवण्यापूर्वी तो म्हणाला, ‘‘पत्र तिनं आज तीनदा वाचायला लावलं. फ्रॉकच्या ठिकाणी आईला दर वेळी तसंच ओरडावं लागतं, जरा कमी ओरडली तर चालत नाही.’’

हे पत्र पुढच्या वर्षी उपयोगी पडणार नाही. ‘र’ची गंमत तोपर्यंत तिच्याही लक्षात राहिलेली नसेल, मांजराला कदाचित दुसरे घर मिळाले असेल, आणि पाच वर्षांच्या मुलीला बोटे मोजावयास सांगितलेले आवडेलच असे नाही. पुन्हा वहिनींना फोन करून नवे आले-गेले विचारावे लागेल. अंगठ्याचे वाक्य मात्र मी वहीत टिपून ठेवले आहे, कारण ते देणे माझ्याकडे बाकी आहे.